योना पळाला तो कशापासून? (रविवारच्या उपदेशासाठी मदत हवी आहे)

दुधनाकाठ

सर्वांना नमस्कार. आमच्या पाळकसाहेबांकडे जालना जिल्ह्यातल्या तीन गावांच्या उपासना आहेत, त्यामुळे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी संदेश देण्याचे काम माझ्याकडे येते. मी धर्मशिक्षण घेतलेला माणूस नाही. माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो आहे. या वेळी पाळकसाहेबांनी योनाचे पुस्तक दिले आहे आणि सांगितले आहे की मंडळीत पाचारण ओळखूनही ते टाळणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी बोला.

मी आठवडाभर बसून उपदेशाचा कच्चा खर्डा केला. पहिल्या भागात योना पळतो, दुसऱ्या भागात वादळ येते, तिसऱ्या भागात मासा त्याला गिळतो, आणि शेवटी देवापासून कोणी पळू शकत नाही असे सांगून मी थांबतो. लहानपणापासून शब्बाथ शाळेत मी हेच ऐकत आलो. काल रात्री मात्र मी पुस्तक पहिल्या ओवीपासून अखेरच्या ओवीपर्यंत एका बैठकीत वाचले. चार अध्याय आणि अठ्ठेचाळीस ओव्या आहेत, मोठ्याने वाचले तरी दहा-बारा मिनिटांत संपते. वाचल्यावर लक्षात आले की माझा उपदेश जिथे संपतो, तिथे पुस्तक जेमतेम अर्ध्यावर आलेले असते. मासा तर अवघ्या तीन ओव्यांत येतो.

पळण्याची दिशा मी नकाशावर पाहिली. योनाचे गाव गथ-हेफेर, म्हणजे गालीलात, नासरेथच्या जवळ. देवाने त्याला ज्या निनवेला जायला सांगितले ते नगर तिथून ईशान्येला, सरळ रेषेत मोजले तरी सुमारे आठशे किलोमीटर, टायग्रिस नदीच्या काठी, आजच्या मोसुल शहरासमोर. हा माणूस नैर्ऋत्येला उतरून याफो बंदरात जातो आणि तार्शीशला जाणारे गलबत धरतो, जे बहुतेक अभ्यासक स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर असल्याचे मानतात. म्हणजे त्या काळच्या माणसाला ठाऊक असलेल्या जगाचे दुसरे टोक. एवढ्या लांब जाणाऱ्या माणसाला नुसता आळस आला होता, असे मला म्हणवत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की तो पळाला कशापासून, आणि उपदेशात ते लोकांना कसे सांगावे?

शंभर_उंबरे

सर, उत्तर सोपे आहे, योना भ्याला. अश्शूरी लोक त्या काळचे सर्वांत क्रूर राज्यकर्ते होते. जिंकलेल्या नगरांच्या पुढाऱ्यांची कातडी सोलून ती भिंतीवर लावल्याचे त्यांच्या राजांनीच शिलालेखांत अभिमानाने कोरून ठेवले आहे. अशांच्या राजधानीत एकट्याने जाऊन तुमचा नाश होणार असे ओरडायचे, तर कोण जाईल? आपल्या मंडळीतली माणसेही भीतीमुळेच सेवा टाळतात. लोक काय म्हणतील, आपल्याला जमेल का, ही ती भीती. म्हणून उपदेश भीतीवर करावा, आणि देवमाशाच्या पोटातही देवाने योनाला राखले हे सांगून त्यांना धीर द्यावा.

जुना_पाठ

मी काही वर्षे इब्री भाषा शिकवली आहे, म्हणून दोन गोष्टी मांडतो. शंभर_उंबरे यांनी अश्शूरी क्रौर्याविषयी जे लिहिले ते खरे आहे. दुसरा अशुर्नसिरपाल या अश्शूरी राजाच्या लेखांत कातडी सोलल्याची वर्णने आहेत आणि सन्हेरीबाने निनवेच्या आपल्या राजवाड्यात लाखीशच्या वेढ्याची जी दगडी चित्रे कोरून घेतली होती ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळतात. मात्र निनवे राजधानी झाली ती त्या सन्हेरीबाच्या काळात, म्हणजे योना ज्याच्या काळात होऊन गेला त्या इस्राएलच्या दुसऱ्या यराबाम राजानंतर काही दशकांनी. आणि मूळ शब्द ‘मोठा मासा’ एवढाच आहे, देवमासा नव्हे. या लहान गोष्टी झाल्या.

मोठी गोष्ट ही की भीतीचा उल्लेख पुस्तकात आहे, पण तो योनाच्या बाबतीत नाही. भितात ते खलाशी. ते मोठ्याने आपापल्या देवांचा धावा करतात, माल समुद्रात टाकतात. योना त्या वेळी गलबताच्या तळाशी गाढ झोपलेला असतो. चिठ्ठी त्याच्या नावाने निघाल्यावर तो शांतपणे सांगतो की मला उचलून समुद्रात टाका. चौथ्या अध्यायात तो दोनदा मरण मागतो. मरणाला जो असा सामोरा जातो त्याला निनवेकरांच्या सुऱ्यांची भीती वाटली, असे म्हणायला पुस्तकात आधार सापडत नाही.

पळण्याचे कारण लेखकाने पहिल्या अध्यायात मुद्दाम सांगितलेले नाही. ते त्याने चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीपर्यंत राखून ठेवले आहे आणि तिथे ते योनाच्याच तोंडून बाहेर येते. निनवेने पश्चात्ताप केला, देवाने अरिष्ट टाळले, आणि योना संतापून म्हणतो की मी माझ्या देशात होतो तेव्हाच हे बोललो नव्हतो काय. म्हणूनच मी तार्शीशला पळण्याची घाई केली, कारण तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध आणि दयेने भरलेला देव आहेस हे मला ठाऊक होते. हे शब्द निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायातले आहेत. सीनायवर देवाने मोशेला स्वतःची ओळख दिली ती याच शब्दांत, आणि इस्राएल ते शब्द स्तुती म्हणून म्हणत असे. योना तेच शब्द तक्रार म्हणून म्हणतो. त्याला काम जमणार नाही याची काळजी नव्हती. काम यशस्वी होईल याची त्याला खात्री होती, आणि ते यश त्याला नको होते.

वहीचे_पान

मी लातूरला बँकेत नोकरी करते आणि हा धागा वाचून मला माझाच प्रश्न पडला. शेतीवर जाऊन फळबाग करावी असे मला कॉलेजपासून वाटत आले आहे, पण घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडता आली नाही. माझी नोकरी म्हणजे माझे तार्शीश आहे असे समजायचे का? मी माझ्या पाचारणापासून पळते आहे का?

जुना_पाठ

ताई, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो योनाचा प्रश्न नाही असे मला वाटते. तुम्हाला फळबाग हवी आहे आणि परिस्थितीने ती अडवली आहे. योनाला जे सांगितले गेले ते त्याला नको होते आणि त्याला अडवणारे कोणीही नव्हते. बंदरात गलबतही तयार उभे होते. मनाची ओढ आणि अंगावर सोपवलेले काम या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. उपदेशात या दोहोंची गल्लत झाली तर ऐकणारा योनाकडे न पाहता स्वतःच्या राहून गेलेल्या हौशीकडे पाहत बसेल, म्हणून दुधनाकाठ यांनी हा फरक सुरुवातीलाच सांगावा.

वहीचे_पान

समजले. मग माझे निनवे वेगळेच कुठेतरी आहे, आणि ते कोणते हेही मला बहुधा ठाऊक आहे. त्याविषयी इथे लिहिण्याची माझी अजून तयारी नाही.

हिमायतबाग

मी छत्रपती संभाजीनगरचा आहे आणि हजरत युनूस यांची कथा घरात ऐकत मोठा झालो, म्हणून लिहिण्याची परवानगी घेतो. कुराणात त्यांना ‘माशावाला’ म्हटले आहे. तिथे ते रागाने आपल्या लोकांना सोडून निघून जातात, भरलेल्या नौकेत चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि मासा त्यांना गिळतो. माशाच्या पोटातल्या अंधारात त्यांनी केलेली प्रार्थना आमच्या घरात आजही संकटाच्या वेळी म्हटली जाते. तुझ्यावाचून कोणी ईश्वर नाही, तू पवित्र आहेस आणि मीच अन्याय करणाऱ्यांपैकी होतो, असा तिचा अर्थ आहे. माझ्या आजीचे ऑपरेशन होते तेव्हा घरातल्या बायकांनी वाळलेल्या खजुराच्या बिया समोर घेऊन, एकेक बी बाजूला सरकवत, ती रात्रभर म्हटली होती.

एक फरक मला जाणवला. तुमच्या शास्त्रातील प्रार्थना मी आज वाचली. तिच्यात योना सुटकेबद्दल आभार मानतो, पण चूक माझी होती असे तो म्हणत नाही. आमच्याकडे मात्र तेच वाक्य मध्यभागी आहे. हे मी बरोबर वाचले आहे का?

जुना_पाठ

अगदी बरोबर वाचले आहे, आणि हा मुद्दा आमच्या अनेक उपदेशकांच्या नजरेतून सुटतो. दुसऱ्या अध्यायातले स्तोत्र हे उपकारस्तुतीचे आहे. त्यात खोल पाणी आहे, डोक्याला गुंडाळलेले शेवाळ आहे, पर्वतांच्या तळापर्यंत उतरणे आहे, नवस फेडण्याचे वचन आहे, पण निनवेचे नाव नाही आणि पापाची कबुलीही नाही. म्हणून तिसऱ्या अध्यायात योना जातो तेव्हा तो आज्ञा पाळतो, पण मनाने बदललेला नसतो. नगर तीन दिवसांच्या वाटेचे, तो एकच दिवस आत जातो आणि जे बोलतो ते इब्रीत केवळ पाच शब्दांचे आहे: आणखी चाळीस दिवस आणि निनवे उलथून पडेल. देवाचे नाव नाही, पश्चात्ताप करा हा शब्द नाही. त्या पाचव्या शब्दाचा अर्थ ‘नष्ट होईल’ असाही होतो आणि ‘पालटून जाईल’ असाही होतो. योनाला पहिला अर्थ हवा होता आणि घडला दुसरा.

दुधनाकाठ, तुमच्या मंडळीत अशीही माणसे असतील जी टाळत नाहीत, नेमून दिलेले काम करतात, पण पाच शब्दांत उरकतात. ते तार्शीशला गेलेल्यांपेक्षा ओळखायला कठीण असतात.

दुधनाकाठ

आपल्या सर्वांच्या उत्तरांनी माझा खर्डा बाजूला ठेवावा लागला आहे. निवृत्त माणसाच्या सवयीने मी चौथ्या अध्यायावरून मागे जाऊन संदर्भ तपासले तेव्हा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायाच्या पंचविसाव्या ओवीत, योनाचे नाव सापडले. ते मला आजवर माहीत नव्हते. तिथे लिहिले आहे की गथ-हेफेरचा अमित्तयपुत्र योना याच्या द्वारे परमेश्वराने जे सांगितले होते त्याप्रमाणे यराबामाने इस्राएलची सीमा परत मिळवली. आणि त्याच्या आधीच्याच ओवीत आहे की या यराबामाने परमेश्वराच्या दृष्टीने जे वाईट तेच केले.

मी या दोन ओव्या शेजारी शेजारी लिहून बराच वेळ पाहत राहिलो. वाईट राजाला, त्याने पश्चात्ताप केल्याचे कुठेही लिहिलेले नसताना, केवळ लोकांचे हाल पाहून देवाने राज्य वाढवून दिले, आणि तो निरोप योनाने नेला. तेव्हा तो पळाला नाही. म्हणजे हा कामचुकार संदेष्टा नव्हता. आपल्या माणसांवरची अपात्री दया त्याने आनंदाने पोहोचवली होती. तीच दया दुसऱ्यांच्या दारात नेऊन ठेवायची वेळ आली तेव्हा तो याफोला उतरला.

आता मला माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गावाचे नाव मी लिहिणार नाही. १९७२च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि आई पहाटे चार वाजता घागर घेऊन विहिरीवर जाई. विहिरीला पाणी होते, पण आम्हाला रहाटाला हात लावण्याची मुभा नव्हती. आमच्या वस्तीतल्या बाया चुंबळ हातात धरून लांब बसून राहत आणि वरच्या आळीतल्या कोणी बाईने मनात आणले तर ती वरून घागरीत पाणी ओती. एकदा आईची घागर ओतणाऱ्या बाईच्या कळशीला टेकली. त्या घराच्या कर्त्याने ती घागर उचलून दगडावर आपटली. तांब्याची होती, फुटली नाही, पण तिच्या पोटाला जो पोचा पडला तो आई वारली तेव्हाही तसाच होता.

मागच्या वर्षी त्या गावच्या शाळेतून मला निरोप आला की दहावीची मुले गणितात नापास होत आहेत, परीक्षेआधी दोन महिने संध्याकाळी येऊन शिकवाल का. मी गुडघेदुखीचे कारण सांगितले. पाळकसाहेबांनी विचारले तेव्हाही तेच सांगितले. आणि त्याच दोन महिन्यांत मी मंडळीचे हिशोब नव्याने लिहून काढले, गायनवृंदाच्या सरावाला आठवड्यातून तीनदा गेलो, एका दूरच्या मंडळीत पदरचे एसटीचे भाडे भरून संदेशही दिले. योनाने गलबताचे भाडे भरले असे शास्त्रात आवर्जून लिहिले आहे, त्याचा अर्थ मला आता लागतो आहे. माझे तार्शीश चांगल्या कामांनी भरलेले होते, त्यामुळे मला कोणीही पळालेला म्हटले नाही.

शंभर_उंबरे

सर, मी भीतीचे जे लिहिले ते मागे घेतो. वाचून डोळ्यांत पाणी आले. आता तुम्ही जावेच, आणि हीच साक्ष रविवारी सांगावी.

बाभूळबन

मी धाराशिव जिल्ह्यातली आहे आणि या धाग्यात एवढे वाचल्यावर गप्प राहणे मला जमत नाही. दुधनाकाठ काका, तुमच्या आईच्या घागरीपुढे मी हात जोडते. पण हा उपदेश कोणाला केला जाणार आहे याचा विचार करा. आपल्या मंडळ्यांत बाकावर बसलेली बहुसंख्य माणसे पोचा पडलेल्या घागरीच्या बाजूची आहेत. त्यांना व्यासपीठावरून सांगायचे की तुमचा राग हाच तुमचा पळ आहे, उठा आणि ज्यांनी तुम्हाला पाणी दिले नाही त्यांच्या मुलांची सेवा करा; हे आम्ही फार ऐकले आहे. क्षमा करण्याचे काम नेहमी ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच का सोपवले जाते? इ.स.पू. ७२२ मध्ये याच अश्शूरने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली आणि योनाच्या लोकांना देशोधडीला लावले. मग योनाचा राग चुकीचा होता हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगणार? शंभर_उंबरे यांना माझी विनंती आहे की ‘जावेच’ हा शब्द दुसऱ्याला उद्देशून एवढ्या सहज लिहू नये.

जुना_पाठ

बाभूळबन यांचा आक्षेप टाळून हा उपदेश करता येणार नाही आणि करूही नये. या पुस्तकाच्या पहिल्या वाचकांना शोमरोनचे काय झाले हे बहुधा ठाऊक होते. बहुतेक अभ्यासक पुस्तकाचे लेखन त्या नाशानंतरचेच मानतात. म्हणजे लेखकाने निनवे हे नाव घेतले तेव्हा ते ऐकणाऱ्याच्या जखमेवरच बोट ठेवून घेतले.

तरीही मजकुरातल्या तीन गोष्टी मी आपल्यासमोर ठेवतो. देवाने योनाला क्षमा करायला पाठवले नव्हते. पहिल्या अध्यायातली आज्ञा अशी आहे की जा आणि त्या नगराविरुद्ध पुकार, कारण त्यांची दुष्टाई माझ्यापुढे वर आली आहे. अन्यायाला अन्याय म्हणणे हेच ते काम होते. दुसरे, निनवेच्या राजाच्या हुकमात गोणपाट आणि उपास यांच्याबरोबर एक स्पष्ट वाक्य आहे की प्रत्येकाने आपल्या हातातला जुलूम टाकून द्यावा, आणि देवाने पाहिले ते त्यांचे गोणपाट नव्हे, तर ते आपल्या वाईट मार्गापासून वळले हे, असे तिसऱ्या अध्यायाच्या दहाव्या ओवीत लिहिले आहे. तिसरे, देव योनाला गप्प बस असे म्हणत नाही. तुझे रागावणे योग्य आहे काय, असे तो दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा योना ठणकावून सांगतो की होय, मरेपर्यंत योग्य आहे, आणि देव त्याला त्याबद्दल शिक्षा करत नाही. मोशेने जीभ जड असल्याचे सांगितले, यिर्मयाने मी पोर आहे असे सांगितले. ते देवाच्या तोंडावर बोलले. पहिल्या अध्यायात योना निघून जातो तेव्हा त्याने देवाला दिलेला एक शब्दही लिहिलेला नाही. चौथ्या अध्यायात तो प्रथमच देवाशी भांडतो, आणि मला वाटते की त्याच्या येण्याची सुरुवात तिथे होते.

बाभूळबन

पहिली गोष्ट मला मान्य आहे, आणि ती उपदेशात असेल तर माझा विरोध निम्मा होईल. विरुद्ध पुकारायला पाठवले होते, हे मी आजवर कोणत्याही व्यासपीठावरून ऐकलेले नाही. पण तुमच्या दुसऱ्या गोष्टीवर माझा प्रश्न उरतोच. निनवेच्या राजाने जुलूम टाकून देण्याचा हुकूम काढला. दुधनाकाठ काकांच्या गावात तसा हुकूम कोणी काढला? घागरीबद्दल कोणी एक शब्द बोलले का? गणित शिकवायला या, एवढाच निरोप आला. काका शिकवायला गेले आणि घागरीबद्दल गप्प राहिले, तर ते निनवेला गेले असे मी म्हणणार नाही.

जुना_पाठ

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तो दुधनाकाठ यांनीच पेलायचा आहे.

दुधनाकाठ, एक सूचना मात्र करतो. चौथ्या अध्यायातला जो वेल किंवा झाड योनावर सावली धरते, त्यासाठी मूळात ‘कीकायोन’ असा शब्द आहे. तो शास्त्रात अन्यत्र कुठेही येत नाही. जुन्या ग्रीक भाषांतराने त्याला भोपळा केले, जेरोमने लॅटिनमध्ये आयव्ही केले आणि त्यावरून उत्तर आफ्रिकेतल्या एका मंडळीत गोंधळ उडाल्याचे ऑगस्टीनने जेरोमला लिहिलेल्या पत्रात आहे. अनेक अभ्यासकांना मात्र तो एरंड वाटतो. आपल्या भागात बांधावर एरंड असतोच, म्हणून तो लोकांना दाखवता येईल.

हिमायतबाग

आमच्याकडे त्या ठिकाणी ‘यक्तीन’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ वेल, विशेषतः भोपळ्याचा, असा घेतात. तिथे तो वेल युनूस यांच्या आजारी अंगावर मायेची सावली म्हणून उगवतो, तो वाळल्याचा उल्लेख नाही. आणि त्यानंतर त्यांना एक लाख किंवा त्याहून अधिक लोकांकडे पाठवले जाते. तुमच्याकडेही आकडा आहे ना?

दुधनाकाठ

आहे. एक लाख वीस हजार, ज्यांना उजवा हात कोणता आणि डावा कोणता हे कळत नाही, आणि शिवाय पुष्कळ गुरेढोरे. पुस्तक याच शब्दांवर संपते, तेही प्रश्न म्हणून. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या उपासनेत हे संपूर्ण पुस्तक वाचतात असे वाचनात आले, म्हणून मीही अठ्ठेचाळीस ओव्या पूर्ण वाचायचे ठरवले.

आज रविवार झाला, म्हणून जे घडले ते कळवतो. पहाटे बांधावरून एरंडाची एक फांदी तोडून आणली आणि ती पाण्याशिवाय व्यासपीठाच्या कडेला ठेवली. तोडली तेव्हा पाने हाताच्या पंजासारखी ताठ होती. साडेदहाला शास्त्रभाग वाचायला उभा राहिलो तोवर त्यांच्या कडा वळल्या होत्या, आणि चौथ्या अध्यायापर्यंत आलो तेव्हा सगळी पाने देठातून माना टाकून खाली लोंबत होती. योनाला या पानांची कीव आली, ज्यांच्यासाठी त्याने कष्ट केले नव्हते आणि जी एका रात्रीत आली आणि गेली, एवढे सांगून मी आकडा वाचला. गुरेढोरे हा शब्द आल्यावर मागच्या बाकावरचे दोन शेतकरी एकमेकांकडे पाहू लागले. त्या दोघांनीही चारा छावणीत गुरांबरोबर रात्री काढलेल्या आहेत.

बाभूळबन यांचा आक्षेप मी नाव न घेता, पण जसाच्या तसा मंडळीपुढे ठेवला, आणि योनाला विरुद्ध पुकारायला पाठवले होते हेही सांगितले. माझी घागरीची गोष्ट मी सांगितली नाही. ती सांगितली असती तर लोकांनी माझे कौतुक केले असते, आणि मी तर अजून गेलेलोही नाही. उपासनेनंतर एक तरुण परिचारिका थांबली आणि तिने विचारले की विरुद्ध पुकारायचे आणि सेवाही करायची, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच दारात कशा करायच्या. मी तिला सांगितले की मला माहीत नाही.

बाभूळबन

काका, तुम्ही तिला खरे उत्तर दिलेत. शाळेला काय कळवणार आहात?

दुधनाकाठ

उपदेशाच्या आदल्या दिवशी मी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून मुले किती आहेत एवढेच विचारले होते. त्यांनी रात्री यादीचा फोटो पाठवला. त्रेचाळीस नावे आहेत, त्यांत सव्वीस मुली. अकराव्या क्रमांकावर त्या विहिरीवरच्या घराचे आडनाव आहे. आजोबांचे नाव मुलाच्या वडिलांच्या नावात नाही, पण त्या आडनावाचे गावात एकच घर होते. एकोणिसाव्या आणि चोविसाव्या क्रमांकावर आमच्या वस्तीतली नावे आहेत.

मी मुख्याध्यापकांना दोन ओळींचे पत्र लिहिले आहे. पहिल्या ओळीत मी येण्यास तयार आहे असे आहे, आणि दुसऱ्या ओळीत पहिल्या दिवशी मुलांसमोर त्या विहिरीबद्दल मी बोलणार आहे, ते चालेल का, असे विचारले आहे. पत्र टेबलावर आहे. अजून पाठवलेले नाही.